तरंगणारी परफ्यूमची बाटली: तंगूस काढण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम हातात आलं. जाड काचेची परफ्यूमची बाटली, आत मधाच्या रंगाचं द्रव, मानेभोवती धातूची रुंद कॉलर आणि वर आरशासारखं चकचकीत क्रोमचं झाकण. झाकणासकट उंची ११० मिलिमीटर. चित्रात बाटली हवेत तरंगताना हवी, खाली टेबल नाही, सावली नाही. मागे निळसर राखाडी पार्श्वभूमी, मध्यभागी उजळ आणि कडांकडे हळूहळू गडद होत गेलेली. चित्र मोठ्या आकारात छापलं जाणार आहे.

पहिला निर्णय बाटली कशाच्या आधारे धरायची याचा. वस्तू अपारदर्शक असती, बूट किंवा हेडफोनसारखी, तर मी तंगूस वापरलाच नसता. मागून एक दांडा लावला की तो वस्तूच्या आड लपतो आणि एडिटिंगला जवळजवळ काही उरत नाही. काचेला ही सोय नाही. मागचा दांडा द्रवातून वाकडातिकडा होऊन दिसतो. खालचा दांडा बुडाच्या जाड काचेत पसरतो आणि त्याचा गडद पट्टा द्रवात वर चढतो. असा डाग पुसायचा म्हणजे त्या जागी काच कशी दिसली असती हे मनानं रंगवावं लागतं, आणि काचेच्या बाबतीत ते ओळखू येतं.

म्हणून बाटली वरून टांगायची. तंगूस फक्त मानेपाशी आणि झाकणापाशी अडचण करेल, द्रव आणि बूड स्वच्छ राहतील. मात्र झाकण क्रोमचं आहे, तेव्हा तिथे तंगुसाचं प्रतिबिंब पडणारच. ते नंतर पुसत बसण्यापेक्षा झाकणासाठी वेगळी फ्रेम घ्यायची: तीच बाटली, तीच जागा, तोच प्रकाश, पण आधार खालून. एका फ्रेममध्ये खालचा भाग शुद्ध, दुसरीत वरचा. सगळी योजना याच जोडीवर उभी आहे.

७ जानेवारी

डिझायनरला बाटली वीस अंश कललेली हवी होती. ती तशी टांगता येणार नाही हे आज कागदावर आकृती काढून दाखवलं.

दोन तंगूस कॉलरच्या दोन टोकांना, एकमेकांपासून ३० मिलिमीटरवर, सरळ वर जातील. बाटलीचा गुरुत्वमध्य बोटावर तोलून पाहिला, तो कॉलरच्या साधारण ६० मिलिमीटर खाली आहे. बाटली कलली की तो बाजूला सरकतो. वीस अंशांना तो मध्यापासून २० मिलिमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे तंगुसाच्या १५ मिलिमीटरच्या मर्यादेबाहेर जातो. तिथे एक तंगूस सैल पडतो आणि बाटली आपोआप सरळ होते. चौदा अंशांच्या पुढे हे होणारच, आणि त्याच्या अलीकडेही दुसऱ्या तंगुसावर नावापुरताच ताण उरतो. आठ अंशांवर गुरुत्वमध्य आठ मिलिमीटरहून थोडाच जास्त सरकतो, दोन्ही तंगूस ताठ राहतात.

"मग कॅमेराच तिरका करा ना," असं ती म्हणाली. करता येतं, पण बाटलीत द्रव आहे. कॅमेरा तिरका केला तर द्रवाची पातळीही चित्रात तिरकी दिसेल आणि पाहणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे लगेच जाणवेल. तिला ते पटलं. आठ अंश ठरले.

८ जानेवारी

तंगूस ०.२० मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा घेतला. यापेक्षा बारीक मिळतो, पण तो जास्त ताणला जातो आणि गाठ मारताना हातातून निसटतो. बाटली भरलेली असताना वजन ३०० ग्रॅमच्या आसपास आहे, त्यामुळे ताकदीची चिंता नाही.

चित्रात तो किती जाड दिसेल याचा हिशोब आधीच केला. कॅमेऱ्याची फ्रेम उभी धरली तर ८१९२ पिक्सेल उंच आहे. त्यात बाटली ४४०० पिक्सेल व्यापेल, म्हणजे एका मिलिमीटरला ४० पिक्सेल. तंगूस झाला ८ पिक्सेल. कडांच्या शार्पनिंगमुळे त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी तीन-चार पिक्सेलची किनार उमटते, तेव्हा पुसायचा पट्टा १६ पिक्सेल धरायला हवा. नुसती रेघ पुसली आणि ही किनार राहिली, तर रेघेच्या जागी दोन फिकट रेघा दिसतात.

पारदर्शक तंगूस दिसणारच नाही असा समज बऱ्याच जणांचा असतो. पाण्यात तो खरंच पुष्कळसा लपतो, कारण पाणी आणि नायलॉन यांच्या अपवर्तनांकात फरक कमी असतो. हवेत फरक मोठा असतो. तिथे तंगूस म्हणजे एक लांबट भिंग होतं. त्याच्या मध्यात बाजूच्या दिव्यांची उजळ चीर दिसते आणि कडा गडद दिसतात. पार्श्वभूमी उजळ असेल तिथे तो गडद रेघ वाटतो, ती गडद झाली की तोच तंगूस उजळ रेघ वाटतो. आमच्या पार्श्वभूमीवर तो मध्यातून वरच्या कडेकडे जाताना असा पालटेल. म्हणून `Darken` किंवा `Lighten` यांपैकी एकाच मोडमध्ये सगळा तंगूस पुसला जाणार नाही.

वरच्या सॉफ्टबॉक्सपुढे काळ्या पुठ्ठ्याची पट्टी अशी लावली की झाकणाच्या वरच्या तंगुसावर थेट उजेड पडू नये. उजळ चीर बरीच मंदावली. एडिटिंगमधला मोठा वेळ इथे वाचतो.

बाटली टांगून स्टुडिओ बंद केला. नायलॉन वजनाखाली हळूहळू लांबतो. आमची बाटली उजवीकडे कललेली असल्यानं वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग डाव्या तंगुसावर येतो, म्हणजे तोच जास्त लांबणार आणि कल कमी होत जाणार. तो रात्रीच लांबून घ्यावा.

९ जानेवारी, शूटिंग

सकाळी कल अपेक्षेप्रमाणे थोडा कमी झाला होता. उजवा तंगूस किंचित खाली सोडून आठ अंश पुन्हा जुळवले. पंखे, एसी बंद. पार्श्वभूमी बाटलीपासून दीड मीटर मागे, त्यामुळे बाटलीचा उजेड-सावलीचा परिणाम तिच्यावर जवळजवळ नाही.

कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, फोकस, व्हाइट बॅलन्स, अ‍ॅपर्चर सगळं पक्कं केलेलं. आयएसओ ६४, अ‍ॅपर्चर एफ १३. टांगलेल्या बाटलीचं फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक चित्र करण्याचा विचार सोडून दिला, कारण दोन फ्रेममध्ये ती केसभर का होईना हलते आणि काचेतल्या रेषा जुळत नाहीत.

तीन प्रकारच्या फ्रेम घेतल्या.

पहिली, टांगलेली बाटली. हिला अ म्हणतो. लाटेसारखा झोका थांबेपर्यंत थांबून, एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेतल्या, कारण स्थिर दिसणारी बाटलीही आपल्या उभ्या अक्षाभोवती सावकाश फिरत असते. लेबल बरोबर समोर असलेली फ्रेम निवडली.

दुसरी, खालून आधार दिलेली बाटली, म्हणजे ब. बुडाखाली पोलादी दांडा आणि वर चिकट पुट्टीचा गोळा. अ फ्रेम संगणकावर लाइव्ह चित्राच्या वर निम्म्या पारदर्शकतेनं ठेवली आणि बाटली तिच्याशी जुळवत गेलो. इथे जास्तीत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बाटली वर-खाली, डावी-उजवी सरकलेली असेल, किंवा चित्राच्या पातळीत थोडी फिरलेली असेल, तर ते नंतर सरकवून आणि फिरवून दुरुस्त होतं. पण ती कॅमेऱ्याकडे झुकलेली किंवा मागे रेललेली असेल तर दुरुस्ती नाही. हे ओळखायची खूण म्हणजे झाकणाच्या माथ्याची लंबवर्तुळाकार कडा. ती अ आणि ब मध्ये सारखीच जाड हवी. लंबवर्तुळ एकीकडे फुगीर आणि दुसरीकडे चपटं असेल, तर बाहेरची कड कशीही ओढून जुळवली तरी आतलं प्रतिबिंब वेगळंच राहतं. सहकारी दांड्याचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत होता आणि मी पडद्यावर लंबवर्तुळ पाहत होतो.

दांड्याभोवती पार्श्वभूमीच्याच रंगाचा कागद गुंडाळला, म्हणजे कॉलरच्या खालच्या काठात त्याचं प्रतिबिंब पडलं तरी खुपणार नाही.

तिसरी, क, रिकामी पार्श्वभूमी. ना बाटली, ना तंगूस.

११ जानेवारी

एडिटिंगला सुरुवात. रॉ फाइल्स एकाच सेटिंगनं १६ बिटमध्ये उघडल्या. लेन्सच्या कोपऱ्यातल्या काळोखाची दुरुस्तीसुद्धा तिन्हींना सारखीच लावली.

तंगूस पुसण्यासाठी सहसा क सारखी रिकामी फ्रेम वापरतात. मीही आधी अ वर क ठेवून मोड `Difference` केला. दोन्ही सारख्या असत्या तर पडदा काळा दिसला असता. पण बाटलीभोवती सगळीकडे एक मंद धूसर थर दिसत होता. क किंचित उजळ होती. कारण सरळ आहे: बाटली काढली की तिच्यामागे झाकलेला पार्श्वभूमीचा उजळ मध्यभाग उघडा पडतो, लेन्समध्ये जास्त उजेड शिरतो आणि आतल्या आत परावर्तित होऊन सगळ्या चित्रावर हलका पडदा चढवतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण १६ पिक्सेलच्या पट्टीत क मधली पार्श्वभूमी बसवली तर मोठ्या छपाईत उभी फिकट पट्टी दिसू शकते.

ब मध्ये बाटली जागेवर असल्यानं हा प्रश्नच येत नाही. अ वर ब ठेवली तर वरचा अर्धा पडदा जवळजवळ पूर्ण काळा, फक्त दोन तंगूस उजळ रेघांसारखे चमकत होते. फ्लॅशची ताकद दर वेळी अगदी सारखी नसते, त्यामुळे थोडा फरक उरला होता. ब वर कर्व्ह्ज लेयर घालून, तंगुसापासून दूर एकाच ठिकाणचे आकडे इन्फो पॅनेलमध्ये पाहत तो मिटवला. क बाजूला ठेवली.

१२ जानेवारी

ब ला अ च्या वर ठेवून काळा मास्क लावला आणि तंगुसावर पांढऱ्या ब्रशनं रंगवत गेलो. पार्श्वभूमी दोन्हीकडे एकच असल्यानं ब्रश मऊ आणि मोठा, ६० पिक्सेलचा चालतो. वरच्या कडेपासून झाकणाच्या जवळपर्यंतचं काम थोड्या वेळात संपलं.

झाकणाजवळ तसं जमत नाही. बाटली उजवीकडे कलल्यामुळे झाकणाची वरची उजवी कड उजव्या तंगुसाच्या मिलिमीटरभर आत येते. तिथे मऊ ब्रशनं रंगवलं की ब च्या झाकणाची कड अ च्या झाकणाच्या कडेवर पडते. दोन्हींत अर्ध्या पिक्सेलचाही फरक असला तरी कड दुहेरी दिसते. हीलिंग ब्रशही इथे निरुपयोगी आहे. तो नव्या जागेचा रंग भोवतालच्या रंगाशी मिसळून घेतो, आणि भोवताली क्रोमची गडद कड असल्यामुळे पार्श्वभूमीत काळपट धूर सोडतो.

उपाय असा केला की झाकण कापून बसवायचंच नाही. झाकण, कॉलर आणि त्यांच्याभोवतीची पार्श्वभूमी, वरच्या टोकापर्यंतचा सगळा तुकडा ब मधूनच घ्यायचा. मग झाकणाची कड आणि तिच्यामागची पार्श्वभूमी एकाच फ्रेमची राहते आणि दुहेरी कड होतच नाही. अ आणि ब यांची शिवण फक्त दोन ठिकाणी उरते. एक बाटलीवर, कॉलर आणि काच यांच्यामधल्या अरुंद गडद खाचेत, आणि दुसरी डावी-उजवीकडे मोकळ्या पार्श्वभूमीत.

खाचेतली शिवण पेन टूलनं आखली, कडेला जेमतेम एक पिक्सेलचा मऊपणा दिला. खाच मुळातच काळी असल्यानं तिथे बदल दिसत नाही. तंगुसाचा मानेभोवतीचा फासही याच खाचेत होता, तो शिवणीच्या वरच्या बाजूला पडेल इतपत शिवण खाली घेतली. पार्श्वभूमीतली शिवण मात्र २०० पिक्सेल रुंदीची, हळूहळू विरत जाणारी ठेवली.

जुळवणीसाठी ब ला फक्त सरकवलं आणि एका अंशाच्या दहाव्या भागाइतकं फिरवलं. वॉर्प किंवा पर्स्पेक्टिव्हला हात लावला नाही. लंबवर्तुळ शूटिंगच्या वेळीच जुळलं होतं, त्यामुळे गरज पडली नाही.

क्रोमवरची तंगुसाची दोन वाकडी प्रतिबिंबं, कॉलरवर पडलेली त्याची केसासारखी सावली, हे सगळं एका फटक्यात गेलं. त्या गोलाईवरच्या प्रतिबिंबाच्या छटा हातानं रंगवायच्या असत्या तर मी आठवडा मागितला असता.

१३ जानेवारी

उरलेली जागा म्हणजे काचेचे खांदे. दोन्ही खांद्यांवर वर जाणाऱ्या तंगुसाचं पुसट प्रतिबिंब आहे, दोन-तीन पिक्सेलची उजळ वक्र रेघ.

इथे ब चालेल का ते पाहिलं. दांड्याचा डाग खांद्यापर्यंत चढलेला नाही, पण जाड काचेतल्या चकाकत्या रेषा अ शी जुळत नाहीत. बाटली पाव अंश जरी फिरली तरी बाहेरची कड जागच्या जागी राहते आणि आतली अपवर्तित रेषा कितीतरी सरकते. म्हणून खांदे अ चेच ठेवायचे आणि रेघ क्लोन स्टॅम्पनं काढायची.

नव्या रिकाम्या लेयरवर, `Current & Below` निवडून, लेयरचाच मोड `Darken`. हा मोड फक्त जास्त उजळ पिक्सेल बदलतो, तेव्हा उजळ रेघ जाते आणि काचेचा पोत राहतो. नमुना रेघेच्या शेजारून, पण खांद्याच्या वळणाला समांतर घ्यावा लागतो. आडवा घेतला तर छटा बदलते आणि रेघेच्या जागी चट्टा उमटतो. उजव्या खांद्यावर रेघ एका पांढऱ्या चकाकीला छेदते. तिथे `Darken` चकाकीचाच लचका तोडतो. तो छेद वेगळ्या लेयरवर, साध्या मोडमध्ये, चकाकीच्या कडेनं कडेनं बारीक ब्रशनं भरला.

१४ जानेवारी

आज फक्त तपासणी.

चित्रावर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर, नागमोडी: शून्यापासून सुरू होऊन ६४ ला २५५, १२८ ला पुन्हा ०, १९२ ला २५५ आणि २५५ ला ०. चित्र भयानक रंगांचं दिसतं, पण पार्श्वभूमीतला एका पायरीचा फरकही पट्ट्यासारखा उठून येतो. डावीकडे वर एक अस्पष्ट उभी पट्टी सापडली. रंग बरोबर होता, कमी होता तो दाणा.

दाण्याचं महत्त्व इथे कळतं. पार्श्वभूमी ५००० पिक्सेलमध्ये जेमतेम ४० छटा उतरते. ८ बिटमध्ये गेल्यावर प्रत्येक पायरी सव्वाशे पिक्सेल रुंद होईल. त्या पायऱ्या डोळ्याला दिसत नाहीत, कारण सेन्सरचा बारीक दाणा त्यांच्या कडा विस्कटून टाकतो. जिथे दाणा गुळगुळीत झाला तिथे पायरी उघडी पडते. म्हणूनच ब च्या अनेक फ्रेमची सरासरी काढून अधिक स्वच्छ प्लेट बनवणं मी टाळलं. सरासरीत दाणा विरतो आणि भोवतालच्या दाणेदार पार्श्वभूमीत ती पट्टी इस्त्री केल्यासारखी दिसते. एकाच फ्रेमची प्लेट असली की दाणा आपोआप जुळतो.

सापडलेल्या पट्टीचं कारण मास्क होता. तिथे ब्रशची अपारदर्शकता निम्मी राहिल्यानं अ आणि ब अर्धे-अर्धे मिसळले होते, आणि दोन फ्रेम मिसळल्या की दाणा सौम्य होतो. मास्क पूर्ण पांढरा केला, पट्टी गेली. रुंद शिवणीत असं मिसळणं अटळ आहे, पण २०० पिक्सेलमध्ये ते इतकं हळू होतं की पट्टा बनत नाही.

ज्यांच्याकडे ब सारखी फ्रेम नाही त्यांच्यासाठी पर्याय सहकाऱ्याला करून दाखवला, कारण पुढचं काम जुन्या फोटोंवरचं आहे आणि तिथे फक्त अ आहे. लेयरची प्रत घेऊन `Dust & Scratches`, थ्रेशोल्ड ०. हे फिल्टर प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या वर्तुळातलं मधलं मूल्य घेतं. तंगूस त्या वर्तुळाचा निम्म्याहून कमी भाग व्यापत असेल तरच तो नाहीसा होतो, म्हणून रेडियस किनारीसकट रेघेच्या दीडपट धरायचा. आमच्या १६ पिक्सेलला २४. मास्कनं ते फक्त तंगुसावर उघडायचं आणि वर वेगळ्या लेयरवर दाणा परत घालायचा. साध्या पार्श्वभूमीवर हे छान चालतं. वस्तूच्या कडेपाशी रेडियसइतकं अंतर सोडावं लागतं, तिथून पुढे हातानं क्लोन.

१६ जानेवारी

छपाईचा नमुना आला. आधी तो हातभर अंतरावरून पाहिला, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. जवळून तंगुसाचे अवशेष शोधावे लागतात, पण पट्ट्या आणि डाग लांबूनच दिसतात, कारण लांबून डोळा बारीक तपशील सोडून मोठ्या छटा पकडतो. पडद्यावरही मी शंभर टक्क्यांबरोबर पंचवीस टक्क्यांवर तपासतो ते याचसाठी. पार्श्वभूमी अखंड आहे. खाचेतली शिवण भिंगातूनही सापडली नाही.

डिझायनरनं एकच गोष्ट दाखवली: कॉलरच्या खालच्या काठावर, मध्याच्या जरा डावीकडे, एक राखाडी ठिपका. तो दांड्याच्या कागदाचं प्रतिबिंब आहे, ब मधून आलेलं. रंग पार्श्वभूमीचा असल्यानं पडद्यावर लपला होता, छपाईत कॉन्ट्रास्ट वाढल्यावर दिसला. तेवढ्याच जागेत कॉलरचा काठ अ मधून घेतला, तिथे फास नव्हता.

ग्राहकाला हीच बाटली सोनेरी झाकणातही हवी आहे. त्यासाठी अ पुन्हा घ्यायची गरज नाही, फक्त ब. स्टँड, दिवे आणि कॅमेरा हलवलेले नाहीत. या वेळी दांड्याला कागदाऐवजी काळं मखमली कापड गुंडाळायचं आणि शूटिंगच्या वेळीच कॉलरचा खालचा काठ मोठा करून तपासायचा, एवढं सहकाऱ्याला लिहून दिलंय.